घरचा गूळ

पाळी तीन-तीन महिने येईना, म्हणून आईनं मला कराडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफी आणि रक्ताचा रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्तच तयार होतं आणि बीजकोशांचं काम बिघडतं. साखर कमी करा."

आईनं साखर बंद केली आणि चहात आमच्या गुऱ्हाळाचा गूळ घातला, तोही सढळ हातानं. पुढच्या खेपेला माझं वजन वाढलेलं.

"आवं, गूळ घरचा हाय," आई म्हणाली.

"शरीराला घरचा-दुकानचा कळत नाही," बाई हसल्या.

मग चहा बिनगोड झाला, भात कमी झाला, उसळ वाढली. जेवून बांधावरून चक्कर मारायची. मी धुसफुसत मारायचे.

काही महिन्यांनी पाळी आली. आईनं आनंदानं शिरा केला आणि माझ्यादेखत एकटीनं खाल्ला.