चौथा मुद्दा

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पासबुक माझ्यापुढं ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. त्यांच्या पेन्शनच्या खात्यातून अठ्ठेचाळीस हजार एका विमा कंपनीला गेले होते. त्यांनी कुठलाही विमा घेतला नव्हता.

शेजारी त्यांनी एका कागदावर मुद्दे काढून ठेवले होते. तक्रारीचं पत्र मी लिहावं, कारण इंग्रजी माझं बरं, असं त्यांचं म्हणणं.

– पैसे न विचारता कापले.
– गुडघ्यामुळं मी बँकेत गेलो नव्हतो. तोच घरी आला.
– केवायसी नवीन करायची म्हणाला. तीन ठिकाणी सह्या घेतल्या.
– मला काका म्हणायचा.

तो म्हणजे बंगळूरातल्या आमच्या बसवनगुडीच्या शाखेतला असिस्टंट मॅनेजर. बेळगावकडचा, तिशीतला. काउंटरवर सगळं कन्नडमध्ये चालतं. हा मात्र अण्णांना बघून मराठीत बोलायचा. अण्णांना त्याचं फार कौतुक. आई गेल्यावर माझ्याशिवाय त्यांच्याशी मराठी बोलणारं तेवढंच माणूस उरलं होतं. सह्या घ्यायला आला तेव्हा दोन वेळा कॉफी पिऊन गेला होता.

मी पत्र लिहायला बसले. ‘प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: माझ्या संमतीशिवाय बचत खात्यातून रक्कम वजा झाल्याबाबत.’ मग खाते क्रमांक, तारीख, रक्कम, पासबुकातली नोंद. खाली मागण्या: संपूर्ण रक्कम परत करावी, पुढचे हप्ते कापण्याची सूचना रद्द करावी, माझ्या सहीच्या कागदांच्या प्रती द्याव्यात. पहिले तीन मुद्दे बरोबर बसले. चौथ्यापाशी मी अडले. शेवटी लिहिलं, ‘सदर अधिकारी माझ्या परिचयाचे असल्याने मी कागद न वाचता सह्या केल्या.’

मराठीत वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, “परिचयाचे? एवढंच?”

“अण्णा, पत्रात असंच लिहितात.”

“बरं. पण त्याचं नाव घालू नकोस. पोराची नोकरी जाईल.”

नाव नसेल तर तक्रार कुणाविरुद्ध, असं मी बरंच समजावलं. त्यांनी पासबुक मिटून ठेवलं. मग म्हणाले, “घाल.”

दुसऱ्या दिवशी दोघं शाखेत गेलो. मॅनेजर बाईंनी पत्र उभ्यानंच वाचलं, मग आम्हाला बसवलं. कॉम्प्युटरवर बघून म्हणाल्या, “पॉलिसी अजून फ्री-लुकमध्ये आहे, म्हणजे रद्द करायची मुदत चालू आहे. नको असेल तर रद्द करायचा फॉर्म भरा, थोडं कापून पैसे येतील. तक्रार कशाला?”

“तो फॉर्म भरला तर पॉलिसी यांनी स्वतः घेतली होती, असा अर्थ होतो,” मी म्हणाले. “आणि थोडं तरी का कापायचं?”

त्यांनी त्याला बोलावलं. तो विम्याचा अर्ज घेऊनच आला. सही अण्णांचीच होती. ईमेलच्या रकान्यात मात्र आम्ही कधी न पाहिलेला पत्ता होता. पॉलिसीची कागदपत्रं त्याच पत्त्यावर गेली होती.

अण्णा त्याच्याकडे बघत होते. “केवायसी म्हणाला होतास ना रे?”

त्यानं मॅनेजर बाईंकडे बघत उत्तर दिलं, कन्नडमध्ये. “सगळं समजावून सांगितलं होतं, मॅडम. सरांनी वाचूनच सही केली.”

सर. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांना ऐकूच आलं नव्हतं. जन्म इथलाच, कन्नड त्यांना मराठीइतकीच येते. शब्द न् शब्द कळला होता. त्यांनी पुन्हा मराठीतच विचारलं, “माझ्याशी बोल की. माझ्याकडं बघून सांग.”

“सर, प्लीज,” तो म्हणाला आणि हातातला अर्ज सरळ करत राहिला.

खरं सांगते, पैशांचा राग मला तोवर होता. त्या क्षणी तो कुठच्या कुठं गेला. अण्णांचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. मॅनेजर बाई पुन्हा फॉर्मबद्दल काही बोलू लागल्या. अण्णांनीच त्यांना थांबवलं. “पत्र दिलंय तसंच घ्या. शिक्का मारून दुसरी प्रत मला द्या.”

शिक्का मिळाला, तक्रार क्रमांक मिळाला. महिन्याभरात बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर बँकिंग लोकपालाकडे जायचं मी ठरवलं होतं. ती वेळ आली नाही. मुदत संपायच्या आत पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली आणि पाठोपाठ बँकेचं पत्र आलं: ‘ग्राहकाशी असलेले दीर्घकालीन संबंध लक्षात घेऊन विशेष बाब म्हणून रक्कम परत करण्यात येत आहे.’ आणखी दोन ओळी, खाली सही.

अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. “पैसे आले म्हणतेस ना?”

“सगळे आले.”

“मग त्यानं खोटं सांगितलं होतं, ते कुठं लिहिलंय?”

मी पत्र हातात घेऊन उगीच पुन्हा वाचल्यासारखं केलं. “नाही लिहिलेलं, अण्णा.”

त्यांनी ते माझ्याकडून परत घेतलं, घडी घातली आणि मुद्द्यांच्या त्या कागदासोबत पासबुकात ठेवलं.