आईने फोनला माप दिलं

आमची आई चाळीस वर्षं कपडे शिवतेय. डोळ्यांचा दाब वाढला म्हणून डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ थेंब घालायला सांगितले, पण मशीनवर बसली की ती हमखास विसरायची. म्हणून मी तिला फोनला तोंडी सांगून आठवण लावायला शिकवलं. फोन पहिल्या दिवशी आठला बोलला. दुसऱ्या दिवशी मात्र ढिम्म.

“जाऊ दे, तुला नाही जमायचं,” मी शहाणपणा केला.

आई उसळली. “गिऱ्हाईक नुसतं ‘झगा शिव’ म्हणालं तर मी गळा, बाही विचारते. याला मीच अर्धं माप दिलं, ‘रोज’ म्हणालेच नाही!” मग फोन तोंडाशी धरून तिने ठणकावलं, “रोज सकाळी आठ वाजता डोळ्यांत थेंब घालायची आठवण करून दे.” संध्याकाळची आठवणही तिने तशीच वेगळी लावली.

तीन महिन्यांत एकही वेळ चुकली नाही. काल डॉक्टर म्हणाले, “काकू, दाब उतरलाय. शाबास!”

घरी आल्यावर मी हळूच म्हणालो, “माझ्या बीपीच्या गोळीचीही आठवण लावून दे ना.”

आईने गळ्यातली टेप ताणून धरली. “नीट माप दे. किती वाजता? आणि रोज, की एकदाच?”