अत्तराबद्दल चार ओळी

मी हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. आमच्या घरात मी कॉलेजला जाणारा पहिलाच, आणि माझं लिहिणं आजवर परीक्षेची उत्तरं, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि वडिलांच्या वतीने तहसीलला दिलेली निवेदनं एवढंच. तेव्हा आठवणी वगैरे लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. शिवाय ज्या माणसाबद्दल लिहितोय ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे आहेत, आणि विषय त्यांच्या अंगाच्या वासाचा आहे. पण त्यांना विचारूनच लिहितोय. ते म्हणाले, "लिही की. नाव तेवढं टाकू नको."

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पारनेरजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रावर सकाळी सहा ते साडेनऊ काम करायचो. तिथून सरळ कॉलेज. आसपासच्या गावांचं दूध टेम्पोतून कॅनमध्ये यायचं. कॅन धक्क्यावर उतरला की झाकण उघडायचं आणि लगेच नाक जवळ न्यायचं, कारण झाकणाखाली साठलेला वास क्षणात उडून जातो. वास बरा असला तर पुढे नमुना काढायचा आणि मशीनवर फॅट बघायचं. मशीन फॅट सांगतं, पाणी घातलेलं सांगतं, पण वासाबद्दल ते काही बोलत नाही. त्यासाठी माणूसच लागतो. आमच्याकडे तो माणूस म्हणजे काका. वीस वर्षं ते झाकण उघडून "घ्या" किंवा "बाजूला" एवढंच म्हणत आलेले, आणि त्यांच्या "बाजूला"वर कोणी वाद घालत नसे. मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो.

दिवाळीनंतर काका अत्तर लावून यायला लागले. पहिल्या दिवशी सगळ्यांना मजा वाटली. एक टेम्पोवाला म्हणाला, "काका, कुठं मुलगी बघायला चाललाय का?" काकाही हसले. पण अत्तर रोजचंच झालं आणि दिवसेंदिवस वाढत गेलं. ते गेटमधून आत आले की धक्क्यावर आधी मोगरा पोचायचा, मग काका. मी त्यांच्या शेजारी उभा राहून झाकणाजवळ नाक न्यायचो, तर गायीच्या दुधालाही मोगरा आणि म्हशीच्या दुधालाही मोगरा. शिकायचं ते राहूनच जात होतं.

मग एके दिवशी मुख्य डेअरीतून आमच्या टँकरबद्दल तक्रार आली. दुधाला मुरघासाचा आंबूस वास येत होता. धारेच्या आधी जनावराला मुरघास, म्हणजे खड्ड्यात मुरवलेला हिरवा चारा, घातला की तो वास दुधात उतरतो, आणि एक कॅन सगळी टाकी बिघडवतो. आमच्या साहेबांनी, म्हणजे केंद्रप्रमुखांनी, मला आत बोलावून विचारलं की हे तुम्हा दोघांच्या नाकाखालून गेलंच कसं. मग तेच म्हणाले, "हे दूध केंद्र हाय का लग्नाचा मांडव? उद्या सकाळी सगळ्यांसमोर सांगतो त्यांना. एक तर अत्तर सोडा, न्हाईतर धक्का सोडून कॅन धुवायला जा."

साहेब मनाने वाईट नाहीत, पण त्यांचा आवाज धक्क्यावरून रस्त्यापर्यंत जातो. वीस गावांच्या टेम्पोवाल्यांसमोर काकांना हे ऐकावं लागणार, हे मला सहन होईना. मी धीर करून म्हणालो, "साहेब, मला एक दिवस द्या. मी सांगतो त्यांना, एकट्याला." साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी स्वतःच घाबरलो. मग म्हणाले, एक दिवस, जास्त नाही.

समोर उभं राहून बोलायची माझी हिंमत नव्हती. मेसेज करायचं ठरवलं. दुपारी कॉलेजच्या मागच्या लिंबाखाली बसून लिहायला घेतलं आणि पहिला मसुदा तयार झाला तो अर्जासारखा. सुरुवात "विषय" अशी, मग "आदरणीय काका", आणि शेवटी "तरी कृपया सहकार्य करावे ही नम्र विनंती". वाचून मलाच हसू आलं. तो खोडला. दुसऱ्यात मी इतका आडून आडून गेलो की थंडी आणि हवा यांच्याबद्दलच सगळं लिहिलं, अत्तर आलंच नाही. तिसऱ्यात "आम्हा सगळ्यांना त्रास होतो" असं लिहिलं. मग वाटलं, हे वाचून त्यांना वाटेल की अख्खं केंद्र पाठीमागे त्यांचीच चर्चा करतंय. "सगळ्यांना" काढून "मला" केलं. "मी हे कोणाशी बोललो नाही" अशी एक ओळ होती, ती खोटी होती, म्हणून तीही काढली. शेवटी उरलं ते एवढं:

"काका, नमस्कार. एक खासगी गोष्ट आहे, राग मानू नका. तुमच्या अत्तराचा वास धक्क्यावर जोरात येतो, त्यामुळे मला दुधाचा वास ओळखता येत नाही. कामावर येताना लावलं नाही तर मला तुमच्याकडून नीट शिकता येईल."

पाठवला. लगेच दोन निळ्या खुणा झाल्या. मला बरं वाटलं, आणि पाचच मिनिटांत उत्तर आलं. आवाजी मेसेज होता, आणि आवाज मुलीचा होता.

"दादा, मी त्यांची मुलगी. पप्पांचे मेसेज मीच वाचून दाखवते. ते झोपलेत, त्यांना अजून वाचून दाखवलेला नाही. ते अत्तर मीच आणलंय."

मी फोन पालथा करून ठेवला. खरं तर मला हे कळायलाच हवं होतं. माझ्या वडिलांचे सगळे मेसेज घरी मीच वाचून दाखवतो. बँकेचे, पाहुण्यांचे, कधीकधी मामाचे आईबद्दलचेही. आमच्याकडे वडीलधाऱ्यांचा फोन म्हणजे घरच्या शिकलेल्या पोराचा फोन. हे रोज करणारा मी, आणि "खासगी" म्हणून लिहायला बसलो.

दुसरा मेसेज आला तो ऐकायला मला हात धुऊन, पाणी पिऊन यावं लागलं. पण ती रागावलेली नव्हती. म्हणत होती की घरीसुद्धा लई वास येतो, आई तर दार उघडून बसते. बाटली वर्षभर पुरायला हवी होती, ही तिसरी चालू आहे. सांगितलं तर पप्पा म्हणतात, कुठं येतोय, मला तर काहीच येत नाही. शेवटी तिने विचारलं, "हा मेसेज मी त्यांना वाचून दाखवू का? का तुम्ही परत घेताय?"

परत घेतला असता तर सकाळी साहेबांचा आवाज होताच. मी लिहिलं, वाचून दाखव, पण आई नसताना.

दुसऱ्या दिवशी काका आले आणि मोगरा आला नाही. मी मान वर केली नाही. पहिले दोन टेम्पो रिकामे झाल्यावर त्यांनी मला टाकीच्या मागे बोलावलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "पोरीनं वाचून दाखवला."

मी म्हणालो, "काका, चुकलं असेल तर..."

"तुझं काय चुकलं? माझंच चुकलं." मग इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "मला वासच येत न्हाई रे. दिवाळीच्या आधी ताप आल्ता, तवापासनं. दूध न्हाई, शेण न्हाई, काईच न्हाई. माझा घामबी मला येईना. म्हणलं, लोकांना येत आसंल, तोंडावर कोण सांगणार? म्हणून अत्तर मारायचो. जरा मारलं तर वाटायचं, लागलंच न्हाई."

म्हणजे अंगाला वास येतो असं कोणी म्हणू नये म्हणूनच सगळं चाललं होतं, आणि मी नेमकं तेच सांगायला निघालो होतो.

मी विचारलं, मग इतके दिवस कॅन कसे पास केले. ते म्हणाले, शंका आली की नमुना परीक्षानळीत घेऊन उकळून बघायचो. नासकं असलं की फुटतं. पण मुरघासाचं दूध उकळून फुटत नाही, ते फक्त नाकालाच कळतं. "तो कॅन माझाच गेला," ते म्हणाले. वीस वर्षं ज्यांना सगळे नाकाचा माणूस म्हणत होते, त्यांना हे साहेबांना सांगायचं होतं. कॅन धुवायला जावं लागेल हे त्यांनाही ठाऊक होतं.

ते स्वतःच आत गेले. मी बाहेर थांबलो. साहेबांचा आवाज एरवी भिंत ओलांडतो, त्या दिवशी काही ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "नाक तुझं, डोकं माझं. असं ठरलंय. उन्हाळ्यापर्यंत बघू म्हणले. न्हाईच आलं तर दुसरं कोण तरी बसवतील."

नगरच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की तापानंतर असं होतं, बऱ्याच जणांचं हळूहळू परत येतं, पण खात्री देता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास घ्यायचे आणि घेताना त्या वासाची आठवण काढायची. मुलीने चार डब्या केल्या. लवंग, लिंबाची साल, गुलाबपाणी आणि निलगिरीचं तेल. ती डोळे मिटायला लावून डबी नाकाखाली धरायची आणि वहीत लिहायची. पहिले दोन महिने त्या वहीत नुसत्या फुल्या होत्या. काका येऊन मला सांगायचे, "आज लिंबाला लवंग म्हणलो. पोरगी म्हणती, नापास."

धक्क्यावर मात्र आमची गंमत झाली. झाकण मी उघडायचो, नाक मी न्यायचो आणि काय आलं ते मोठ्याने सांगायचो. काका विचारायचे, "आधी आला का मागनं आला? नाकात बसला का घशात उतरला? वल्या गोणीसारखा का धुरासारखा?" मी "वल्या गोणीसारखा" म्हणालो की ते म्हणायचे, "बाजूला." ज्याला काहीच येत नव्हतं त्याच्याकडून मी वास ओळखायला शिकलो. पुस्तकात असं वर्णन मला कुठे सापडलं नाही. टेम्पोवाले म्हणायचे, काका आता साहेब झालेत, हुंगायला माणूस ठेवलाय.

मे महिन्यात माझी परीक्षा झाली आणि पुढच्या वर्षासाठी मी नगरला राहायला आलो. केंद्र सुटलं. साहेबांचा उन्हाळा संपत आला होता, आणि काकांचं काय होणार हा विचार सुटत नव्हता. विचारायचं धाडस होत नव्हतं. दोनदा मेसेज लिहिला आणि दोनदा खोडला. तो वाचणार कोण हे आता ठाऊक होतं, तरी खोडला.

जूनच्या एका दुपारी प्रयोगशाळेतून बाहेर आलो तर तिचा आवाजी मेसेज आलेला होता. मागे कोणीतरी "सगळं सांग त्याला" असं म्हणत होतं.

"दादा, पप्पांनी आज एक कॅन बाजूला काढायला लावला. कांद्याच्या पातीचा वास येतोय म्हणाले. तुमच्या जागी आलेल्या नव्या माणसाला काहीच कळलं नाही, साहेबांनी वास घेतला, त्यांनाही कळलं नाही, उकळून बघितलं तर दूध चांगलंच. मग ज्यांचा कॅन होता त्यांना फोन लावला. ते म्हणाले, काल कांदे काढले, गायीला पात टाकली होती. पप्पा उद्यापासून परत झाकणावर."