रुक्मिणी परबची चौकशी

पेडण्यात मामलेदार कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या वत्सला गावकरला सगळा तालुका वत्सलाबाय म्हणायचा. अर्ज लिहिणं, जमिनीचे उतारे काढून देणं, मतदारयादीत नाव शोधणं हेच तिचं काम. गोवा राज्य झालं त्या वर्षी एक अनोळखी माणूस तिच्या बाकड्यासमोर येऊन बसला.

"रुक्मिणी परब. तिच्याबद्दल सगळं शोधून द्या."

"सगळं म्हणजे कितें? आणि कोणती रुक्मिणी? एक धारगळची म्हातारी आहे, दुसरी..." वत्सलाबायने जीभ आवरली.

"तरुण आहे. कुठे राहते ती?"

"कशाला हवी?"

"सोयरीक आहे."

"मुलाचं नाव सांगा."

तो घुटमळला. मग म्हणाला, "जमिनीचंही काम आहे."

वत्सलाबायच्या मनात पाल चुकचुकली. तरी तिने सरळ सांगितलं, "जमिनीचा उतारा कोणालाही मिळतो. सर्व्हे नंबर द्या, आत्ता अर्ज करते."

त्याला नंबर नको होता. "घरी एकटीच असते का? कामावर कुठल्या बसने जाते?"

"हे उताऱ्यात नसतं."

"गावात सगळ्यांना ठाऊक असेल ना!"

"शेजाऱ्यांना ठाऊक असणं वेगळं. मी ते गोळा करून तुमच्या हातात देणं वेगळं. तुमचं नाव, गाव, काम सांगा, मी निरोप पोचवते. भेटायचं की नाही ते ती ठरवील."

नाव न सांगताच तो उठला आणि समोरच्या चहाच्या दुकानात शिरला. तिथेही तो तेच विचारतोय हे ऐकू आल्यावर वत्सलाबायने टाइपरायटर झाकला आणि तरुण रुक्मिणी राहायची त्या केरी गावाची बस पकडली. आपण उगाच एखाद्या भल्या माणसावर संशय घेतोय का, हे वाटेत तिला छळत राहिलं. पण भल्याला नाव सांगायला काय हरकत होती?

केरीच्या रुक्मिणीने वर्णन ऐकलं. माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. पण तो का आला असावा, ते तिच्या ध्यानात आलं.

"म्हापशाला भिंत कोसळून कोल्हापूरकडचा मजूर केरबा मेला, ते मी बसस्टँडवरून पाहिलं बाय. काम थांबवा म्हणून त्याने आधी ओरडून सांगितलेलं, तरी ठेकेदाराने ऐकलं नाही. पुढच्या सोमवारी ठेकेदारावरच्या खटल्यात माझी साक्ष आहे."

"तुझं नाव कोणी ऐकलं?"

"कोर्टात पुकारलं ना गेल्या तारखेला. भरलेल्या कोर्टात."

नाव उघड झालं होतं. घर मात्र नव्हतं.

त्याच दिवशी दोघी पोलिसांकडे गेल्या. हवालदार आधी हसला. मग वत्सलाबायने ते प्रश्न जसेच्या तसे सांगितले, तेव्हा त्याने लिहून घेतलं. रुक्मिणी बहिणीकडे राहायला गेली. दोन दिवसांनी तो माणूस केरीत फिरताना दिसला. मासे विकणाऱ्या बायकांनी त्याला नाव विचारलं, तसा तो मागच्या मागे फिरला. त्याला कोणी पाठवलं, ते कधीच सिद्ध झालं नाही.

सोमवारी रुक्मिणी साक्षीला उभी राहिली. वत्सलाबाय मागच्या बाकावर बसून आत येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा न्याहाळत होती.