पुण्याहून आलेलं सूर्यघड्याळ

आमच्या घरात जे चांगलं ते पुण्याहून यायचं. पंचांग पुण्याचं, कुंकूसुद्धा पुण्याचं, जरी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात गेल्या असल्या तरी. त्यामुळे माझ्या वडिलांनी, अण्णांनी, निवृत्तीच्या वेळी शाळेला सूर्यघड्याळ द्यायचं ठरवलं, तेव्हा पितळी तबकडी पुण्याच्या कारागिराकडूनच आली. अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे, मी गणित. चामराजपुरमच्या आमच्या शाळेच्या अंगणात चौथऱ्यावर ती सिमेंटनं बसवली, सावली पाडणारी तिरकी पट्टी नेमकी उत्तरेकडे.

डिसेंबर होता. निरोपसमारंभ चार दिवसांवर आला होता आणि घड्याळ लबाडी करत होतं. प्रमाणवेळेचा आणि सूर्यवेळेचा फरक अण्णांनी आधीच धरला होता, तरी सावली सकाळी पुढे धावायची, दुपारनंतर मागे रेंगाळायची. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रत्येक तासानंतर मी अंगणात धावायची. इतकी वर्षं मुलांना नेमकेपणा शिकवलेला माणूस सगळ्यांसमोर हसं करून घेणार, या विचारानं मला जेवण जाईना.

"उत्तर चुकली असणार," अण्णा म्हणाले.

"अण्णा, बारा वाजता सावली बरोब्बर येते. उत्तर चुकली असती तर तेव्हाही हुकली असती."

"मग तुझं घड्याळ बघ. पुण्याचं काम आहे ते, सुम्ने उगाच नाही!"

मी चिडून कोनमापक लावला. पट्टीचा चढ साडेअठरा अंश भरला. पट्टी पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवी, म्हणजे तिचा चढ त्या गावाच्या अक्षांशाइतका. पुण्यात ध्रुव साडेअठरा अंशांवर दिसतो, म्हैसुरात जेमतेम बारावर. कारागिरानं आपल्या गावचा कोन कापला होता, आणि अण्णांनी, ज्यांनी हा धडा दर वर्षी शिकवला, पुण्याचं काम म्हणून तो तपासलाच नव्हता.

अण्णा एकदम खाली बसले. "अय्यो. आता नवीन कुठली येणार?"

पट्टी वाकवली असती तर तासांच्या रेघा चुकल्या असत्या, कारण त्याही पुण्याच्याच. मग अख्खी तबकडीच का कलवू नये? दक्षिणेची बाजू सहा अंश उचलली की पट्टी बारावर येते, आणि तबकडी पुण्याच्या जमिनीला समांतर होते. रेघा आपोआप बरोबर.

अजून कच्चं असलेलं सिमेंट फोडून आम्ही दोघांनी फरशीचे तुकडे खाली सारले. अण्णा प्रत्येक तुकड्यानंतर कोन पुन्हा मोजत होते, आणि मला त्यांच्यावर चिडल्याचं फार वाईट वाटलं.

समारंभाच्या सकाळी बरोब्बर नऊला सावली नऊच्या रेघेवर टेकली आणि मला हुंदकाच फुटला. मुख्याध्यापकांनी मात्र तबकडीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "एनु सार, हे काय, तिरकं बसलंय की!"

"पुण्याची आहे ती," अण्णा म्हणाले. "इथली वेळ सांगायची तर तिला थोडं वाकावं लागलं. मलाही."