पायाळूचा डावा पाय

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याच्या आधी माझे पाय बाहेर आले. यात माझं कर्तृत्व काही नाही, त्रास सगळा आईला झाला. पण आमच्या भागात एवढ्यावर माणसाला जन्मभराचं काम लागतं. कुणाच्या पाठीत उसण भरली, की त्यानं पायाळू माणूस गाठायचा आणि कमरेत लाथ मारून घ्यायची.

लग्न होऊन कुंडलच्या अलीकडच्या या गावात आले, तेव्हा मला भाकरी थापता येते का, हे कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात गल्लीत सांगून टाकलं, "आमची सून पायाळू हाय." दुसऱ्या दिवशी दारात तिघे उभे.

आमच्याकडची पद्धत ठरलेली आहे. उसण भरलेल्या माणसानं घराची चौकट धरून, आमच्याकडं पाठ करून उभं राहायचं. मी डाव्या पायावर उभी राहून उजव्या पायानं तीन लाथा मारायच्या. बोलायचं नाही. त्यानं मागं वळून न बघता चपला घालून निघून जायचं. चोवीस वर्षांत मी सरपंचाला, दोन ग्रामसेवकांना आणि हळद लागलेल्या एका वराला लाथ मारली आहे. कुणी तक्रार केली नाही.

माझं खरं काम आमच्या दारातल्याच दूध संकलन केंद्राचं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. दूध मापायचं, फॅट काढायची, कॅन भरायचे. आमचे हे टेम्पो घेऊन कॅन पोचवतात. केंद्र माझ्या नावावर आहे आणि मी ते माझ्या पद्धतीनं चालवते. हे आधीच सांगते, कारण पुढं सगळी गडबड त्याचीच आहे.

गेल्या दिवाळीनंतर एकदा टेम्पोच्या पायरीवरून उतरताना माझा अंदाज चुकला. हातात भरलेला कॅन. पायरी संपली असं वाटलं, ती संपली नव्हती. कॅनसकट सगळं वजन डाव्या टाचेवर आलं. दूध सांडलं नाही, म्हणून मी ते विसरून गेले.

चार दिवसांनी डाव्या कुल्ल्यात खोल ठणका सुरू झाला. वरून चोळून हाताला लागत नाही, इतका आत. परकर घालायला उजवा पाय उचलला, की डावीकडं कमरेच्या खाली कळ यायची. जिना चढताना तेच. अंथरुणात कूस बदलतानाही तेच. दोन्ही पायांवर उभी असले तर बरं, डाव्या पायावर भार आला की संपलं. केंद्रावर माझी सवय अशी, की एक पाय रिकाम्या कॅनवर ठेवायचा आणि दुसऱ्यावर रेलून फॅट काढायची. आता पाच मिनिटांत घाम फुटायचा.

त्यातच ऊसतोड सुरू झालेली. तोडणीच्या दिवसांत गावात उसणीला तोटा नसतो. एका सकाळी चौघांना लाथ मारली. चौथ्याच्या वेळी मीच त्याच्या पाठीवर कोसळले. तो बरा झाला. मला दोघींनी धरून आत नेलं.

सासूबाईंचं निदान तयार होतं. "उसण हाय. पायाळूची लाथ पायजे."

आता पायाळूला लाथ मारायला दुसरा पायाळू हवा. पंचक्रोशीत तसा एकच होता. माझे थोरले दीर.

दीर लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, हा रिवाज गावातल्या बाकीच्यांनी कधीच सोडला. यांनी सोडला नाही. मी समोर चहा घेऊन उभी असले तरी ते आईला सांगत, "तिला म्हणावं, साखर कमी." मीही आत्तींनाच, म्हणजे सासूबाईंनाच, सांगायची, "भावजींना म्हणावं, साखर घातलीच न्हाई." चोवीस वर्षं आमचं सगळं दळणवळण आत्तींमार्फत चाललं होतं.

आता या माणसानं मला लाथ मारायची होती.

मी चौकट धरून उभी राहिले. भावजी बूट काढून, मोजे घालून आले. उघडा पाय लावणं त्यांना बरं वाटेना. आत्तींना म्हणाले, "तिला म्हणावं, तयार." आत्ती मला म्हणाल्या, "तयार हो." मी म्हटलं, "झाले." आत्ती त्यांना म्हणाल्या, "झाली." मग त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि न बघता तीन लाथा मारल्या. पहिली चौकटीला लागली.

ठणका होता तिथंच राहिला. वर भावजींचा अंगठा सुजला.

मग मी माझं डोकं वापरलं. गावातल्या डॉक्टरांनी सायटिका सांगून इंजेक्शन दिलं होतं, त्यानं दोन दिवस बरं वाटलं होतं. सांगलीला जाऊन फोटो काढला. मणका चांगला निघाला. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी पलूसच्या फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं. लेकीच्या वयाची मुलगी, पण कामाला पक्की.

तिनं आधी सांगितलं, "एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं."

मी डावीकडची, परकराच्या नाडीच्या खालची खळी दाखवली. दुखणं मांडीत येतं, पण गुडघ्याच्या खाली जात नाही. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, हेही सांगितलं. मग तिनं मला आडवं करून गुडघा वर घेतला आणि मांडीवरून खाली दाब दिला. कुशीवर वळवून कमरेच्या हाडावर दाबलं. पाय चारच्या आकड्यासारखा दुमडून बघितला. अशा पाच प्रकारांपैकी चारांत ती खळी बोलली. शेवटी डाव्या पायावर उभं केलं. मी टेबल धरलं.

तिनं सांगितलं, ते मला पटलं. मणक्याच्या तळाशी एक तिकोनी हाड असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेची पसरट हाडं जुळतात. तो सांधा हलतो फार थोडा, एखाद-दोन मिलिमीटर. जाड बंधांनी आणि कुल्ल्याच्या स्नायूंनी तो आवळून धरलेला असतो. एका पायावर उभं राहिलं, की वरचा सगळा भार त्या एकाच बाजूनं खाली जातो. माझा तो सांधा पायरीच्या झटक्यानं दुखावला होता. काही सरकलेलं नव्हतं, त्यामुळं लाथेनं बसवण्यासारखंही काही नव्हतं.

"काकू, तुम्ही दिवसातून एका पायावर किती वेळा उभ्या राहता?"

"तोडणी चालू असली की दहा-बारा वेळा."

"ऊस तोडता तुम्ही?"

"न्हाई. लाथा मारते."

तिनं पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. हसून झाल्यावर तिनं लिहिलं: सहा आठवडे लाथ बंद. परकर बसून घालायचा. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. उभं राहायचं ते दोन्ही पायांवर, आणि सलग दोन तास नाहीच. एक पट्टा दिला, आणि तीन व्यायाम: उताणं झोपून कंबर उचलायची, कुशीवर झोपून शिंपल्यासारखा गुडघा उघडायचा, गुडघ्यांत उशी दाबून धरायची.

घरी आले तर आत्तींनी पट्टा माझ्या कमरेला, पोटावर गच्च बांधला, वारकरी उपरणं बांधतात तसा. तो तिथं बांधायचाच नसतो. कमरेच्या टोकदार हाडांच्या खाली, कुल्ल्यांभोवती बांधायचा. तसा बांधला तेव्हा आत्ती म्हणाल्या, "ह्यो काय पट्टा? लुगडं सुटल्यागत दिसतंय."

पण केंद्राचं काय करायचं? भावजींनी आईला सांगितलं, "तिला म्हणावं, चार्ज माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माडीच्या खिडकीतून बघितलं. दूध घालायला आलेली माणसं उंचीप्रमाणं एका रांगेत उभी होती. कॅन उजव्या पायाजवळ. सहा वाजून एक मिनिटानं आलेल्या म्हाताऱ्याला भावजींनी परत पाठवलं. म्हातारा म्हणाला, "सुभेदार, म्हशीला घड्याळ कळत न्हाई गड्या." भावजी म्हणाले, "शिकवा."

आठवड्यात पाच घरं रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या केंद्रावर गेली. तिसऱ्या आठवड्याला बारा. टेम्पोतले कॅन कमी होत चालले, तसे आमचे हे जेवताना माझ्या कुल्ल्याकडं बघायचे. आणखी महिनाभर हे असंच चाललं असतं, तर केंद्राला फक्त आमचीच म्हैस उरली असती. मी व्यायामाची एक वेळ चुकवली नाही. बाई माणूस माडीवर दार लावून दिवसातून दोनदा कंबर उचलतेय, याचीही गावात चर्चा झाली.

उसणवाले थांबत नव्हतेच. एकदा खुर्चीत बसून लाथ मारून बघितली. समोरचा गडी मागं वळला. वळायचं नसतं, तरी वळला.

"वैनी, ही लाथ हाय का नमस्कार?"

पाचव्या आठवड्यात जिना कळ न येता चढले. सहाव्यात फिजिओनं डाव्या पायावर उभं केलं आणि तीस मोजले. टेबल धरलं नाही. मी विचारलं, माझ्या लाथांनी माणसं बरी होतात ती कशी? ती म्हणाली, उसण बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपली आपण उतरते, काकू. तुमची लाथ तेवढ्यात मध्ये येते. चोवीस वर्षांचा धंदा एका वाक्यात उतरवला पोरीनं. तशी ती चुकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी केंद्रावर उभी. रांगेत उरलेले आठ जण. भावजी आईकडं बघून म्हणाले, "तिला म्हणावं, फिटनेस दाखवल्याशिवाय चार्ज मिळणार न्हाई."

मी साडीचा काठ सावरला आणि डाव्या पायावर उभी राहिले. भावजींनी मोजायला सुरुवात केली, तेही लष्करातल्यासारखं संथ. तीसला त्यांनी जवळपास मिनिटभर लावलं. रांगेतला म्हातारा म्हणाला, "आवं पुरे, बगळा हाय का ती?" मी हलले नाही. दुखलं नाही.

भावजींनी मान डोलावली. चार्ज द्यायचा म्हणजे रीतसर द्यायचा, म्हणून भरलेला कॅन स्वतः उचलून माझ्यापुढं ठेवायला ते वाकले. गुडघे ताठ, पाठ वाकडी. अर्ध्यात थांबले ते तसेच राहिले.

"काय झालं रं?" आत्ती.

"उसण," भावजी जमिनीकडं बघत म्हणाले.

पंचक्रोशीत पायाळू दोनच. त्यातला एक वाकलेला होता.

त्यांना दोघांनी उचलून चौकटीपाशी नेलं. आठही जण दूध सोडून बघायला. मी चप्पल काढली, मोजा वगैरे काही घातला नाही, आणि डाव्या पायावर भार घेतला. भावजींनी चौकट घट्ट धरली. मग चोवीस वर्षांत पहिल्यांदा, मध्ये आत्तींना न घेता, ते माझ्याशी बोलले.

"जरा हळू."

तीन मारल्या. चौकटीला एकही लागली नाही.

ते मागं न बघता निघाले. मी आत्तींना म्हटलं, "भावजींना म्हणावं, कॅन उचलताना गुडघे वाकवायचे." आणि म्हाताऱ्याचं दूध मापायला घेतलं. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.