आठ इंचांची पायरी

धुळ्याच्या आमच्या जुन्या घरात ओट्याला तीन पायऱ्या होत्या, तिन्ही वेगवेगळ्या उंचीच्या. सासूबाई, सगळ्यांच्या आक्का, पहिली सहज चढत, दुसरीला भिंतीला हात लावत आणि तिसरीपाशी कुणाला तरी हाक मारत. एका दुपारी त्या झोपल्या असताना मी टेप लावला. सहा, सात, आठ इंच.

मी घरांचे नकाशे काढते. नवं घर आमचंच, तेव्हा नकाशाही मीच काढणार होते. आमची खोली वर आणि आक्कांची खाली, हे आधीच ठरलं होतं.

आक्का रोज माझं कपाट उघडत. साड्या मोजत, माझी डायरी वाचत आणि संध्याकाळी त्यातली वाक्यं पाहुण्यांना ऐकवत, माझ्यादेखत. नवरा म्हणे, जाऊ दे ना. अकरा वर्षं मी जाऊ दिलं आणि राग मात्र नीट सांभाळून ठेवला.

खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत दहा फूट, म्हणजे एकशेवीस इंच. एका पायरीची उंची, म्हणजे चढ, सहा इंच धरला की वीस चढ येतात. शेवटचं पाऊल वरच्या मजल्यावरच पडतं, म्हणून पाय ठेवायच्या जागा एकोणीस. अकरा इंच रुंदीने सरळ जिना साडेसतरा फूट लांब होतो. म्हाताऱ्या माणसासाठी हाच बरा, हे मी गिऱ्हाइकांना पटवून सांगते.

आमच्यासाठी मी आठाने भागलं. पंधरा चढ, चौदा पायऱ्या, रुंदी नऊ इंच. जिना साडेदहा फुटांत बसला. हॉल मोठा झाला म्हणून नवरा खूश.

गवंडी मात्र नकाशा हातात धरून उभा राहिला. "ताई, आठ इंच म्हातारा माणूसले जड जाई."

"नकाशात आहे तसं करा," मी म्हणाले.

वास्तुशांतीच्या दिवशी आक्का नवं लुगडं नेसून जिन्यापाशी आल्या. कठडा धरून पहिली पायरी चढल्या. दुसरीवर गुडघा उचललाच जाईना. नवऱ्याने हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला आणि तिथेच बसल्या. पाहुणे हसले. मीही हसले.

सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी हळू होता. "हाऊ जिना मन्हा गुडघा मोजीसन बनाडा ना तू?"

"गुडघा कशाला मोजू, आक्का? जागा नव्हती," मी म्हणाले.

त्यांच्या शेजारून, पदर सावरत, मी भराभर वर गेले. वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

आता आक्का दुपारभर खालच्या पायरीवर बसून वर बघत असतात. माझी डायरी वर, पलंगावर उघडीच पडलेली असते.